रात्री उपाशीपोटी पोटात आग पडते तेव्हा: अल्सरच्या शंकेपासून खात्रीच्या तपासणीपर्यंतचा योग्य क्रम

जेवून झोपल्यावर रात्री बारा ते दोनच्या दरम्यान बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधल्या खळगीत आग पडून जाग येते. दोन बिस्किटे किंवा अर्धा पेला दूध घेतले की ती शमते आणि दोन-तीन रात्रींनी पुन्हा उठते. अशा वेळी अल्सरची, म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या अस्तराला जखम झाल्याची, शंका येते. या तक्रारीत बहुतेकांची चूक उपाय न करण्याची नसते, उपाय उलट्या क्रमाने करण्याची असते. मेडिकल दुकानातून आणलेली ‘गॅसची गोळी’ महिनाभर घेऊन झाल्यावर तपासणी केली जाते, गोळीच्या परिणामामुळे त्या तपासणीत काहीच सापडत नाही, आणि दुखणे मात्र राहते. निपाणी, चिकोडी, खानापूर, हुक्केरी या भागांतील वाचकांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्याव्यात.

## 1. आधी धोक्याची लक्षणे तपासावीत

पुढे सांगितलेली वही, वेळापत्रक आणि तपासणी ही सर्व सवडीची कामे आहेत. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर ती बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जावे. कर्नाटकात 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

- शौचाला डांबरासारखे काळे, चिकट आणि नेहमीपेक्षा वेगळी उग्र दुर्गंधी असलेले होणे. जखमेतून झिरपलेले रक्त आतड्यातून जाताना काळे पडते, म्हणून ते लाल दिसत नाही.
- उलटीत रक्त पडणे, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे तपकिरी कण दिसणे.
- सुरी खुपसल्यासारखी अचानक असह्य कळ येऊन पोट फळीसारखे कडक होणे. रुग्ण हालचाल टाळून निपचित पडून राहतो. हे अल्सर फुटल्याचे लक्षण असू शकते आणि त्यात तासांना किंमत असते.
- उभे राहताच चक्कर येणे, दरदरून घाम, हातपाय गार पडणे.
- खाल्लेले अन्न तासन्‌तासांनी उलटून पडणे आणि हे वारंवार होणे.

आणखी काही लक्षणांत त्याच रात्री धावण्याची गरज नसते, पण आठवडाही घालवू नये. ती अशी: कारणाशिवाय वजन उतरणे, घास अडकणे, रक्त कमी झाल्याने दम लागणे, जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग झालेला असणे, आणि पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर ही तक्रार पहिल्यांदाच सुरू होणे. अशा रुग्णाने घरगुती निरीक्षणात वेळ न घालवता दुर्बिणीच्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी थेट बोलावे.

खबरदारी. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांमुळेही शौचास काळे होते. मात्र ते सहसा डांबरासारखे चिकट आणि तसे दुर्गंधीयुक्त नसते. शंका राहिली तर गोळ्यांवर भार टाकून गप्प बसू नये.

दुसरी खबरदारी. पोटाच्या वरच्या भागातील जळजळ ही हृदयविकाराच्या झटक्याचीही खूण असू शकते, विशेषतः मधुमेही आणि वयस्कर माणसांत. जळजळीबरोबर घाम, धाप, किंवा जबड्याकडे, खांद्याकडे अथवा हाताकडे सरकणारी कळ असेल, तर दूध वा ॲसिडिटीचे औषध देऊन वाट पाहू नये. आधी ईसीजी काढून घ्यावा.

## 2. सात रात्रींची वही

धोक्याचे काही नसेल तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी सात दिवस नोंद ठेवावी. ‘पोट दुखते’ एवढ्याने डॉक्टरांना फारसे कळत नाही. दुखणे केव्हा उठते आणि कशाने शमते, यावरून पुष्कळ कळते.

लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जखम असेल तर दुखणे साधारणपणे जेवणानंतर दोन ते पाच तासांनी उठते. पोटात अन्न असेपर्यंत आम्लाचा काही भाग त्या अन्नातच खपतो. अन्न पुढे सरकल्यावर आम्ल उघड्या जखमेवर येते. शरीरात आम्ल पाझरण्याचे प्रमाण संध्याकाळनंतर वाढत जाऊन मध्यरात्रीच्या सुमारास जास्त असते, आणि नेमके त्याच वेळी पोट रिकामे झालेले असते. पहाटेपर्यंत हे प्रमाण उतरते, म्हणून अशा रुग्णाला सकाळी उठल्यावर बहुधा काही दुखत नाही. ‘रात्री मेलो होतो, सकाळी काहीच नाही’ असे म्हणून तो कामाला जातो आणि तक्रार मागे पडते.

जखम जठरातच असेल तर जेवणाने आराम पडेलच असे नाही, उलट जेवल्यावर लवकरच दुखू शकते. जळजळ छातीच्या हाडामागून घशाकडे चढत असेल, आंबट पाणी वर येत असेल आणि जेवून लगेच आडवे झाल्यावर त्रास वाढत असेल, तर ते बहुधा आम्ल वर येण्याचे दुखणे असते. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली येणारी, तासभर किंवा अधिक टिकणारी कळ पित्ताशयातील खड्यांकडे बोट दाखवते.

वहीत रोज पाच गोष्टी लिहाव्यात: शेवटचे जेवण किती वाजता आणि काय, दुखणे किती वाजता उठले, बोटाने दाखवता येईल अशी जागा, कशाने आणि किती मिनिटांत शमले, आणि त्या दिवशी घेतलेली प्रत्येक गोळी. पाचवी नोंद सर्वांत महत्त्वाची असते आणि नेमकी तीच वगळली जाते.

पडताळणी. खाल्ल्यावर बरे वाटणे हा अल्सरचा पुरावा नव्हे. अशी तक्रार असलेल्या अनेकांच्या दुर्बिणीच्या तपासणीत जखम दिसतच नाही. उलट, नियमित वेदनाशामके घेणाऱ्या वृद्धांत अल्सर काहीही न दुखता वाढतो आणि पहिली खूण काळ्या शौचाचीच असते. वही शंका पक्की करते, निदान करत नाही.

## 3. गोळ्यांचा डबा समोर ओतावा

अल्सरची दोन मुख्य कारणे आहेत: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. तिखट आणि चिंता यांना लोक जेवढा दोष देतात तेवढा या गोळ्यांना देत नाहीत.

घरातील सर्व गोळ्या ताटात काढून प्रत्येक पाकिटावरील औषधाचे नाव वाचावे. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही नावे दिसली तर ती डॉक्टरांना दाखवायची आहेत. कंबरदुखी, गुडघेदुखी, दाढदुखी यांसाठी दिलेल्या जोडगोळ्यांतही ही औषधे असतात, पण ते लक्षात येत नाही, कारण पाकिटावर ठळक दिसते ते केवळ व्यापारी नाव. ऊसतोडीच्या आणि तंबाखूच्या हंगामात अंगदुखीसाठी कागदात बांधून मिळणाऱ्या सुट्या गोळ्यांची पुडी तर सर्वांत घातक. तिच्यात वेदनाशामकाबरोबर स्टिरॉइडही असू शकते, आणि ही जोडी जठराच्या अस्तराला फार इजा करते. अशी पुडी त्याच दिवशी बंद करावी आणि उरलेली डॉक्टरांना दाखवावी. मात्र ती कित्येक आठवडे रोज घेतली जात असेल, तर स्टिरॉइड एकाएकी थांबवणेही धोक्याचे ठरते. अशा वेळी पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल ठरलेल्या प्रमाणात घेता येते का, हेही तेव्हाच विचारावे.

खबरदारी. हृदयासाठी किंवा अर्धांगवायूनंतर दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन, तसेच रक्त पातळ ठेवणारी गोळी, स्वतःहून कधीही थांबवू नये. ती थांबवायची की संरक्षक औषध जोडून चालू ठेवायची, हे डॉक्टरच ठरवतात.

## 4. तपासणी आधी, आम्ल कमी करणारी गोळी नंतर

सर्वांत जास्त घोटाळा या पायरीवर होतो.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही आम्ल कमी करणारी औषधे जिवाणूला मारत नाहीत, पण त्याची संख्या आणि हालचाल इतकी घटवतात की तपासणीत तो सापडत नाही. म्हणून तपासणीपूर्वी ही गोळी किमान दोन आठवडे बंद असावी लागते. प्रतिजैविके आणि बिस्मथ असलेली औषधे चार आठवडे बंद असावी लागतात. ताप-खोकल्यासाठी मागच्या महिन्यात घेतलेला प्रतिजैविकांचा कोर्सही यात मोजला जातो, म्हणून तो सांगावा.

दोन आठवडे जळजळ कशी सोसायची, हा प्रश्न रास्त आहे. या काळात साधे पातळ ॲन्टासिड लागेल तेव्हा घेण्यास डॉक्टर सहसा परवानगी देतात. ते आम्ल तेवढ्यापुरते मारते आणि तपासणीवर त्याचा विशेष परिणाम होत नाही. त्रास सोसण्यापलीकडे असेल तर वाट पाहण्यापेक्षा दुर्बिणीची तपासणी लवकर करून घेणे योग्य ठरते. ज्यांना पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झाला आहे किंवा ज्यांना ॲस्पिरिनबरोबर ही गोळी संरक्षणासाठी दिली आहे, त्यांनी मात्र ती केवळ तपासणीसाठी आपल्या मनाने बंद करू नये.

तपासण्या तीन प्रकारच्या असतात. शौचाच्या नमुन्यात जिवाणूचे प्रतिजन शोधण्याची तपासणी सोपी आहे. श्वासाच्या तपासणीत उपाशीपोटी एक द्रावण पिऊन ठरावीक वेळाने पिशवीत फुंकावे लागते. दुर्बिणीच्या तपासणीत तोंडातून पातळ नळी घालून जखम प्रत्यक्ष पाहता येते आणि अस्तराचा कण काढून जिवाणूही तपासता येतो. तिच्यासाठी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते, घसा औषधाने बधिर करतात आणि पाहणी काही मिनिटांत संपते. जखम जठरात आढळली तर कर्करोग नाही याची खात्री करण्यासाठी तिचा तुकडा तपासला जातो आणि उपचारानंतर दुर्बीण बहुधा पुन्हा घालावी लागते. त्या वेळी ‘आता बरे वाटते’ म्हणून टाळाटाळ करू नये.

चौथी एक तपासणी रक्ताची असते. तिच्यात जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये दिसतात. ती जिवाणू गेल्यावरही दीर्घकाळ रक्तात राहतात, म्हणून संसर्ग आज आहे की नाही हे तिच्यावरून ठरत नाही. शक्य असेल तर शौचाची किंवा श्वासाची तपासणी मागावी.

डॉक्टरांकडे जाताना. सरकारी रुग्णालयात, मग ते तालुक्याचे असो की बेळगावचे जिल्हा रुग्णालय, नोंदणीच्या खिडकीवर आणि अनेकदा तपासणीच्या टेबलावरही कन्नडमध्ये बोलावे लागते. गोंधळून जाऊन लोक लक्षणे अर्धवट सांगतात. पोटदुखीला ‘होट्टे नोवु’, जेवणाला ‘ऊटा’ आणि काळ्या रंगाला ‘कप्पु’ म्हणतात. ‘रात्री’ आणि ‘रक्त’ हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत. एवढ्या शब्दांत आणि वहीतील वेळांच्या आकड्यांवर मुख्य गोष्ट पोहोचते. उपचार अर्धे बेळगावला आणि अर्धे कोल्हापूर किंवा मिरजेला घेण्याची आपल्याकडे रीत आहे. तसे करायचे असेल तर प्रत्येक चिठ्ठी आणि अहवाल एकाच पिशवीत ठेवावा, नाहीतर दुसरे डॉक्टर तेच प्रतिजैविक पुन्हा देतात.

## 5. जेवणाची घडी

जेवणाने अल्सर बरा होत नाही. जखम भरते ती औषधाने आणि कारण दूर केल्याने. जेवणाच्या घडीचा उपयोग दुखणे कमी उठावे आणि औषधाची वेळ पाळता यावी, एवढाच आहे.

उठल्यावर रिकाम्या पोटी नुसता चहा घेऊन नऊ-दहापर्यंत राहण्याची सवय आधी मोडावी. चहापूर्वी किंवा चहाबरोबर काहीतरी खावे. दिवसात तीन पूर्ण जेवणे ठरलेल्या वेळी घ्यावीत. दोन जेवणांत पाच तासांहून अधिक अंतर पडत असेल तर मध्ये मूठभर फुटाणे किंवा एखादे केळे चालते. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आटोपावे.

रात्री दूध पिण्याबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. दुधाने जळजळ थोड्या वेळापुरती शमते, पण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल पाझरायला लावतात. म्हणून रोज झोपताना दुधाचा पेला हा उपाय म्हणून धरू नये. झोपताना मुद्दाम खाल्ल्यानेही रात्रीचे आम्ल वाढते. एखाद्या रात्री जाग आली आणि खाल्ल्याशिवाय राहवले नाही तर दोन घास खावेत, वहीत लिहावे आणि त्याची सवय करू नये. खाण्याचा सोडाही रोज घेऊ नये. त्यात सोडियम भरपूर असते, आणि रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ते बाधते.

ज्वारीची भाकरी, वरण, आमटी, भाजी यांपैकी काहीही सरसकट बंद करण्याची गरज नाही. खर्डा आणि लाल तिखटाने अल्सर होतो असे दिसत नाही. मात्र उघड्या जखमेवर ते झोंबते. ज्याला त्रास होतो त्याने जखम भरेपर्यंत ते कमी करावे, ज्याला होत नाही त्याने उगीच फिके खाऊन वजन घालवू नये. बिडी-सिगारेटने जखम भरण्यास उशीर लागतो, म्हणून ती सोडावी. तंबाखूच्या मुलखात हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण आहे याची मला जाणीव आहे, तरी उपचाराच्या काळात तरी तडजोड करू नये. मद्यही बंद ठेवावे. एकादशी, श्रावणी सोमवार असे दिवसभराचे उपवास उपचार पूर्ण होईपर्यंत स्थगित ठेवावेत.

## 6. औषध: वेळ चुकली तर गुण येत नाही

आम्ल कमी करणारी गोळी जेवणानंतर घेतल्यास तिचा पुरेसा परिणाम होत नाही. ती जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी. दिवसातून एकदा सांगितली असेल तर सकाळच्या न्याहारीपूर्वी, दोनदा असेल तर रात्रीच्या जेवणापूर्वीही. रात्री दुखते म्हणून झोपताना, जेवून दोन तासांनी घेणे ही सर्रास आढळणारी चूक आहे.

तपासणीत जिवाणू सापडला तर या गोळीबरोबर दोन किंवा अधिक प्रतिजैविके सहसा 14 दिवस दिली जातात. पाचव्या-सहाव्या दिवशी दुखणे थांबते, तोंड कडवट किंवा धातूसारखे लागते, पोट ढिले होते, आणि रुग्ण गोळ्या सोडतो. अर्ध्यावर सोडल्यास उरलेला जिवाणू त्या औषधांना दाद देईनासा होतो आणि दुसऱ्या खेपेला निराळी औषधे लागतात. अंगावर पुरळ आले, ओठ सुजले किंवा उलट्यांमुळे गोळ्या टिकत नसल्या, तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवावे.

पडताळणी. 14 दिवसांच्या गोळ्या पहिल्या दिवशीच एकत्र विकत घ्याव्यात आणि मोजाव्यात. दुकानात सात दिवसांचाच साठा असेल तर कोर्स सुरू करू नये.

## 7. एक उदाहरण तारखांसह

निपाणीजवळच्या गावातील चाळिशीचा ट्रॅक्टरचालक डोळ्यांसमोर आणावा. गळीत हंगामात तो साखर कारखान्याच्या रांगेत रात्र काढतो. सात वाजता भाकरी, मग फक्त चहा आणि बिडी, आणि एकच्या सुमारास आग. कंबरेसाठी तो आठवड्यातून चार दिवस वेदनाशामक घेतो आणि तीन आठवड्यांपासून रात्री जेवणानंतर पॅन्टोप्राझोल.

1 डिसेंबरला तो वही सुरू करतो. सात रात्रींपैकी पाच रात्री दुखणे 12 ते 2 मध्ये उठते, बिस्किटांनी शमते, आणि सकाळी काही नसते. 8 तारखेला तो वही आणि गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जातो. धोक्याचे लक्षण नाही, रक्ताचे प्रमाण ठीक. डॉक्टर वेदनाशामक बंद करतात, पॅन्टोप्राझोलही बंद करतात आणि मधल्या काळासाठी ॲन्टासिड देतात. रांगेत थांबताना दहा वाजता खाण्यासाठी तो दुसरी भाकरी बांधून नेऊ लागतो. 22 डिसेंबरला, म्हणजे बरोबर दोन आठवड्यांनी, शौचाची तपासणी होते आणि जिवाणू सापडतो. 8 तारखेलाच तपासणी केली असती तर ती खोटी ‘निर्दोष’ येण्याची शक्यता मोठी होती.

24 डिसेंबर ते 6 जानेवारी 14 दिवसांचा कोर्स. त्यानंतर जखम भरण्यासाठी आम्ल कमी करणारी गोळी 20 जानेवारीपर्यंत. मग तीही बंद.

## 8. जिवाणू गेला का, हे तपासून घ्यावे

दुखणे थांबले म्हणजे जिवाणू गेला असे नव्हे. पुन्हा तपासणी प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी आणि आम्ल कमी करणारी गोळी बंद करून किमान दोन आठवड्यांनी करावी. वरील उदाहरणात या दोन्ही अटी 3 फेब्रुवारीला पूर्ण होतात, म्हणून 4 फेब्रुवारीची तारीख त्याने कोर्स सुरू करतानाच दिनदर्शिकेवर मांडून ठेवावी. ही तपासणी रक्ताची नसावी.

जिवाणू शिल्लक आढळला तर वेगळ्या औषधांचा दुसरा कोर्स लागतो, आणि पहिल्या कोर्सची चिठ्ठी त्या वेळी हाताशी असलीच पाहिजे. जिवाणू नाही आणि वेदनाशामकही बंद आहे, तरी रात्रीची आग उठतच असेल, तर गोळीची मुदत स्वतःहून वाढवू नये. वहीची ताजी सात पाने घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे आणि दुर्बिणीची तपासणी झालेली नसेल तर ती आता करून घ्यावी.